पालकाचा अर्क पाण्यासारखा स्वच्छ, पण रिकव्हरी निम्मीसुद्धा नाही

प्रश्न: १० ग्रॅम पालक, १० मिली अ‍ॅसिटोनायट्राइल, सायट्रेटचे क्षार, आणि क्लीनअपला दर मिलीमागे २५ मिग्रॅ पीएसए, ५० मिग्रॅ जीसीबी व १५० मिग्रॅ मॅग्नेशियम सल्फेट, अशी आमची पद्धत आहे. अर्क अगदी पाण्यासारखा स्वच्छ येतो. ०.१ मिग्रॅ/किलोच्या स्पाइकला इमिडाक्लोप्रिड आणि क्लोरपायरिफॉस ९० टक्क्यांच्या वर मिळतात, पण थायाबेंडाझोल ३७, कार्बेन्डाझिम ५० आणि क्लोरोथॅलोनिल जेमतेम २०. कॅलिब्रेशन शुद्ध सॉल्व्हंटमध्ये करतो. अ‍ॅसिटोनायट्राइल वाढवू की हलवण्याचा वेळ वाढवू?

उत्तर:

दोन्ही वाढवू नका. भाजीतून कीटकनाशक बाहेर काढण्यात तुमची बहुतेक काही चूक नाही. बाहेर काढलेलं तुम्ही क्लीनअपमध्ये फेकून देताय, आणि त्याचा पुरावा तुमच्याच प्रश्नात आहे: अर्क पाण्यासारखा स्वच्छ आहे. पालकाचा अर्क पाण्यासारखा दिसला की मला आनंद होत नाही, धास्ती वाटते.

आधी निष्कर्षणाचा विषय संपवतो. पालकात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं, म्हणजे १० ग्रॅम भाजीबरोबर नळीत ९ मिलीच्या आसपास पाणी येतं. अ‍ॅसिटोनायट्राइल या पाण्यात पूर्ण मिसळतं, त्यामुळे ते पेशींच्या आत सहज पोचतं. मग ४ ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट त्यातलं जेमतेम ४ मिली पाणी धरून ठेवतं, उरलेलं मिठाने आणि सायट्रेटने इतकं खारट होतं की अ‍ॅसिटोनायट्राइल त्यातून बाहेर ढकललं जातं आणि वर वेगळा थर बनतो. या टप्प्यात बिघडण्यासारखं एकच असतं, क्षार घातल्यावर नळी तशीच ठेवून दुसरं काम करणं. मॅग्नेशियम सल्फेट पाणी घेताना तापतं आणि तळाशी दगडासारखा गोळा होतो. क्षार घातल्याबरोबर त्याच हाताने मिनिटभर जोरात हलवलं की प्रश्न मिटला. इमिडाक्लोप्रिड पाण्याकडे ओढ असलेलं, क्लोरपायरिफॉस तेलाकडे. दोन्ही टोकांची रसायनं ९० टक्क्यांवर येतात, मग मधली थायाबेंडाझोल अ‍ॅसिटोनायट्राइलमध्ये उतरली नाही असं होणं कठीण आहे.

आता जीसीबीकडे, म्हणजे ग्राफाइटचं रूप दिलेल्या काजळीकडे या. ग्राफाइटचा पृष्ठभाग म्हणजे कार्बनच्या षटकोनांची पसरलेली सपाट चादर. जो रेणू स्वतः सपाट असतो, तो या चादरीवर पाठ टेकून झोपतो आणि उठत नाही. हरितद्रव्याच्या रेणूत मोठं सपाट कडं आहे, म्हणूनच जीसीबी हिरवा रंग इतक्या झटकन ओढून घेतो. पण थायाबेंडाझोल सपाट आहे, कार्बेन्डाझिम बऱ्यापैकी सपाट आहे, क्लोरोथॅलोनिलसुद्धा सपाटच. जीसीबीला हरितद्रव्य आणि कीटकनाशक यांतला फरक कळत नाही, त्याला फक्त सपाटपणा कळतो. इमिडाक्लोप्रिड आणि क्लोरपायरिफॉसचे रेणू असे संपूर्ण सपाट नाहीत, म्हणून ती सुटली.

मग पालकात जीसीबी वापरायचाच नाही का? वापरायचा, पण एक गोष्ट लक्षात ठेवून. अर्कात हरितद्रव्य भरपूर असतं आणि कीटकनाशक त्याच्या तुलनेत नगण्य. चादरीवर जागा मर्यादित आहे. जोपर्यंत हरितद्रव्य शिल्लक आहे, तोपर्यंत ते जागा अडवून बसतं आणि कीटकनाशकाच्या वाट्याला फारसं काही येत नाही. हरितद्रव्य संपलं आणि चादर मोकळी राहिली, की मग कीटकनाशकाची पाळी. म्हणजे क्लीनअपनंतर अर्कात हिरवट झाक उरली असेल तर सपाट रसायनं बहुतेक शाबूत आहेत असं समजायला हरकत नाही, आणि रंग पूर्ण गेला असेल तर किती गेलं याचा अंदाज बांधता येत नाही. उरलेली हिरवट झाक ही इथे तुमची राखणदार आहे.

युरोपीय मानक पद्धतीत, ईएन १५६६२ मध्ये, म्हणूनच जीसीबीचं प्रमाण तुमच्या मानाने फार कमी ठेवलं आहे: लेट्यूससारख्या भाज्यांना दर मिली २.५ मिग्रॅ, आणि पालकासारख्या गडद रंगाच्या भाज्यांना ७.५ मिग्रॅ. तुमचे ५० मिग्रॅ त्याच्या जवळजवळ सातपट आहेत. तयार भरून मिळणाऱ्या क्लीनअप नळ्यांमध्ये दर मिली ५० मिग्रॅची नळीही असते, बहुधा तुम्ही तीच घेतली असणार. ती नळी चुकीची नाही, ज्यांच्या यादीत सपाट रसायनं नाहीत त्यांना ती चालते. तुमच्या यादीत ती आहेत.

इतकं सांगूनही माझ्यावर विश्वास ठेवू नका, तुमच्या बाकावर तपासा. अर्ध्या दिवसाचं काम आहे, आणि नेमकी गळती कुठे आहे ते यातून कळतं. कोरा पालक घ्या, म्हणजे ज्यात ही तिन्ही नाहीत अशी खात्री केलेला. तीन प्रकारे स्पाइक करा. पहिल्या नळीत नेहमीसारखा भाजीत: १० ग्रॅमला १० मायक्रोग्रॅम/मिलीच्या मिश्रणाचे १०० मायक्रोलिटर. दुसऱ्यात कोऱ्या भाजीचं निष्कर्षण करून वरचा कच्चा अर्क घ्या, त्याच्या दर मिलीत तेच मिश्रण १० मायक्रोलिटर घाला आणि मग क्लीनअप करा. तिसऱ्यात कोरा अर्क क्लीनअपमधून काढा आणि शेवटी, व्हायलमध्ये भरण्याआधी, तेवढाच स्पाइक घाला. शिवाय एक शुद्ध अ‍ॅसिटोनायट्राइलमध्ये, त्याच तीव्रतेचा. प्रत्येक प्रकाराच्या तीन तरी नळ्या करा, एका नळीवरून निष्कर्ष काढू नका.

थायाबेंडाझोलसाठी, समजा, तिसऱ्या प्रकाराचं पीक १००० आलं, दुसऱ्याचं ४८०, पहिल्याचं ४६० आणि शुद्ध सॉल्व्हंटमधलं १२५०. दुसरं भागिले तिसरं म्हणजे ४८ टक्के: क्लीनअपमधून एवढंच पार झालं. पहिलं भागिले दुसरं म्हणजे ९६ टक्के: निष्कर्षण उत्तम आहे, तिथे हात लावायची गरज नाही. तिसरं भागिले सॉल्व्हंट म्हणजे ८० टक्के: क्लीनअपनंतरही अर्कातले घटक आयनीकरण दाबताहेत. तुम्ही कॅलिब्रेशन सॉल्व्हंटमध्ये करता, म्हणून यंत्राने ४६० ला १२५० ने भागलं आणि ३७ टक्के दाखवलं. खरी रिकव्हरी ४६ होती, उरलेली तूट रसायन हरवल्याची नाहीच, सिग्नल दबल्याची आहे. दोन वेगळे आजार एका आकड्यात मिसळले होते. मॅट्रिक्समध्ये कॅलिब्रेशन केलंत तर दुसरा बरा होतो, पहिला होत नाही.

जीसीवर हीच गोष्ट उलटी फिरते, हेही सांगून ठेवतो. तिथे शुद्ध सॉल्व्हंटमधलं स्टँडर्ड लाइनरच्या सक्रिय जागांना चिकटून थोडं हरवतं, आणि भाजीच्या अर्कात मात्र भाजीचेच घटक त्या जागा झाकून टाकतात. त्यामुळे भाजीतलं पीक सॉल्व्हंटपेक्षा मोठं येतं आणि रिकव्हरी फुगते. तुमचं क्लोरपायरिफॉस जीसीवर असेल तर त्याच्या ९० टक्क्यांतही थोडी सूज असू शकते, आणि क्लोरोथॅलोनिलचे २० टक्के तर प्रत्यक्षात आणखी कमी असतील.

क्लोरोथॅलोनिलचं प्रकरण वेगळंच आहे, त्यात जीसीबी फक्त एक भागीदार आहे. या रसायनाला अल्कधर्मी वातावरण सोसत नाही, आणि पीएसए हा अमाइन असल्यामुळे अर्काचा पीएच ८ च्या वर नेतो. कॅप्टान, फोल्पेट, डायकोफॉल यांचंही तेच. क्लीनअप नळीत अर्क आणि पीएसए जितका वेळ एकत्र बसतील तितकं ते विघटित होत जातं. मी सुरुवातीला नळ्या हलवून, सेंट्रिफ्यूज करून, तशाच स्टँडमध्ये ठेवून जेवायला जायचो. परत येऊन वरचा अर्क काढायचो. त्या काळातल्या माझ्या कॅप्टानच्या रिकव्हरी सकाळच्या नळ्यांना चांगल्या आणि दुपारच्यांना वाईट यायच्या, आणि मी दोन आठवडे यंत्राला दोष देत राहिलो. सेंट्रिफ्यूज थांबल्याबरोबर अर्क दुसऱ्या नळीत काढा आणि लगेच आम्ल घाला: अ‍ॅसिटोनायट्राइलमधलं ५ टक्के फॉर्मिक आम्ल, दर मिली अर्काला १० मायक्रोलिटर. पीएच ५ च्या आसपास येतो आणि ही रसायनं स्थिरावतात.

त्यापलीकडे क्लोरोथॅलोनिल भाजीच्या रसातच मरतं. दळताना पेशी फुटतात, पात्याने भाजी तापते, रसातली गंधकयुक्त संयुगं आणि एन्झाइम मोकळी होतात, आणि अ‍ॅसिटोनायट्राइल पडेपर्यंत त्यांना मोकळं रान मिळतं. इथे एक फसवणूक आहे, ती नीट बघा. रिकव्हरीचा स्पाइक आपण दळलेल्या भाजीत घालतो. म्हणजे दळताना जे गेलं ते रिकव्हरीच्या आकड्यात कधीच दिसत नाही. तुमची रिकव्हरी उद्या ८५ टक्के झाली तरी शेतातून आलेल्या नमुन्यातलं निम्मं क्लोरोथॅलोनिल मिक्सरमध्येच गेलेलं असू शकतं. हे बघायचं असेल तर आख्ख्या पानांवर स्पाइक टाका, सॉल्व्हंट उडू द्या, आणि मग दळा. उपाय म्हणजे भाजी आधी गोठवून कोरड्या बर्फाबरोबर दळणं, पीठ मोकळं सुटं असताना गोठलेलंच वजन करणं आणि वितळायच्या आत अ‍ॅसिटोनायट्राइल ओतणं. दळल्यावर डबा झाकण सैल ठेवून फ्रीजरमध्ये ठेवा म्हणजे कार्बन डायऑक्साइड निघून जाईल. झाकण घट्ट लावलंत तर डबा उडेल, आणि बर्फ शिल्लक असताना वजन केलंत तर १० ग्रॅम हे १० ग्रॅम नसतील.

तुमच्या तीन प्रकारांच्या तपासणीत क्लोरोथॅलोनिलचं गणित थायाबेंडाझोलपेक्षा वेगळं दिसेल. दुसरं भागिले तिसरं ४२ टक्के आलं आणि पहिलं भागिले दुसरं ५० टक्के, तर अर्थ असा की क्लीनअपमध्ये निम्म्याहून जास्त गेलं आणि त्याच्या आधी भाजीतही निम्मं गेलं. दोन्ही गुणले की २१. हा आकडा मी उदाहरणादाखल घेतलाय, पण तुमच्या २० टक्क्यांच्या जवळ जातो ते उगाच नाही. पहिलं भागिले दुसरं यात तूट दिसली तर स्पाइक घातल्यावर अ‍ॅसिटोनायट्राइल किती वेळाने ओतता ते आधी बघा. स्पाइक भाजीत मुरावा म्हणून अर्धा तास थांबण्याची पद्धत आहे, आणि बाकी रसायनांसाठी ती योग्यही आहे, पण तो अर्धा तास क्लोरोथॅलोनिलच्या मुळावर येतो. एक नळी लगेच ओतून आणि एक अर्ध्या तासाने ओतून पाहा, फरक डोळ्यांनी दिसेल.

आता तुमच्या जागी मी असतो तर काय केलं असतं ते सांगतो. एकाच क्लीनअपमधून सगळी रसायनं पार करायचा हट्ट सोडला असता. कच्चा अर्क एकच, पण त्याचे दोन वाटे.

पहिला वाटा एलसी-एमएस/एमएसला. थायाबेंडाझोल, कार्बेन्डाझिम, इमिडाक्लोप्रिड इथेच जातात. त्यांच्यासाठी जीसीबी तर नकोच, मी पीएसएसुद्धा घालत नाही. कच्चा अर्क पाण्याने दहापट पातळ करतो, गाळतो आणि टोचतो. तुमचं यंत्र एवढं संवेदनशील नसेल तर पाचपट करा. हरितद्रव्य रिव्हर्स्ड फेज कॉलमवर खूप उशिरा, ग्रेडियंटच्या शेवटी बाहेर पडतं, कार्बेन्डाझिमच्या वाटेत येत नाही. फक्त शेवटी ऑरगॅनिक सॉल्व्हंटने कॉलम नीट धुवा, आणि तो शेवटचा भाग डायव्हर्ट व्हॉल्व्हने कचऱ्याकडे वळवा, म्हणजे सोर्स घाण होत नाही. पातळ केल्याने आयनीकरणाचं दबणंही कमी होतं, वरच्या उदाहरणातले ८० टक्के १०० च्या जवळ सरकतात. पाणी घातल्यावर व्हायल गढूळ झाली तर घाबरू नका, मेण आणि हरितद्रव्य बाहेर पडतंय. तेलाकडे ओढ असलेली रसायनं मात्र त्या गढूळपणाबरोबर आणि फिल्टरला चिकटून जातात, म्हणून ती या वाट्यात मोजू नका. २,४-डी सारखी आम्लधर्मी तणनाशकं यादीत असतील तर तीही याच वाट्यातून, कारण पीएसए ती धरून ठेवतो.

दुसरा वाटा जीसीला. इथे क्लीनअप लागतोच, कारण हरितद्रव्य उडत नाही, लाइनरमध्ये आणि कॉलमच्या तोंडाशी जळून बसतं, आणि चार-पाच इंजेक्शनांत पीक शेपट्या सोडू लागतात. दर मिली २५ मिग्रॅ पीएसए, १५० मिग्रॅ मॅग्नेशियम सल्फेट आणि ७.५ मिग्रॅ जीसीबी. ७.५ मिग्रॅ तराजूवर प्रत्येक नळीत तोलू नका, तो काळा भुगा स्पॅच्युलाला आणि बोटांना चिकटतो आणि वजन हलतं. जीसीबी आणि मॅग्नेशियम सल्फेट आधीच १ ला १९ या प्रमाणात नीट मिसळून ठेवा. मग दर मिलीला या मिश्रणाचे १५० मिग्रॅ घेतले की जीसीबी आपोआप ७.५ मिग्रॅ येतो. दोन मिनिटं हलवा, सेंट्रिफ्यूज करा, लगेच वरचा अर्क काढा, आम्ल घाला.

काढलेली नळी पांढऱ्या कागदासमोर धरा. फिकट पोपटी दिसली पाहिजे, शेजारी कच्च्या अर्काची गडद हिरवी नळी ठेवली तर फरक लगेच कळतो. पाण्यासारखी दिसली तर त्या भाजीला ७.५ मिग्रॅसुद्धा जास्त झाले. पालकाची कोवळी पानं आणि जून पानं यांत हरितद्रव्याचा फरक मोठा असतो, म्हणून कोवळ्या पालकाला कधी कधी निम्मा जीसीबी पुरतो. क्लोरोथॅलोनिल फारच महत्त्वाचं असेल तर त्याच्यासाठी पीएसएही वगळून बघा आणि लाइनर लवकर बदलायची तयारी ठेवा. जीसीबीवरून सपाट रसायनं परत सोडवायला टोल्युइन घालतात, त्याने ती सुटतात हे खरं, पण थोडं हरितद्रव्यही परत येतं आणि तो अर्क एलसीला देता येत नाही. मी त्या वाटेला जात नाही.

डोळ्यांवर सगळं सोडायचं नसेल तर क्लीनअपच्या आधी अर्कात अँथ्रासीन घाला, शक्यतो त्याचं ड्युटेरियम असलेलं रूप. तीन कडी एका ओळीत, पूर्ण सपाट, जीसीबी त्याला कीटकनाशकांपेक्षाही घट्ट धरतो. प्रत्येक नळीत त्याची रिकव्हरी ७० टक्क्यांच्या वर राहिली, तर त्या नळीत जीसीबीने कुठलंही कीटकनाशक फारसं खाल्लेलं नाही.

एक सावधगिरी आयसोटोपवाल्या इंटर्नल स्टँडर्डची. थायाबेंडाझोलचं लेबल केलेलं रूप भाजीत सुरुवातीला घातलं असतं, तर तेही जीसीबीवर तेवढंच गेलं असतं आणि तुमची रिकव्हरी कागदावर १०० टक्के दिसली असती. आकडा बरोबर, पण सिग्नल निम्म्याहून कमी, म्हणजे तळाच्या पातळीवर, ०.०१ मिग्रॅ/किलोला, पीक गोंगाटात बुडणार. म्हणून नवी पद्धत पक्की करताना ०.१ बरोबर ०.०१ चा स्पाइकही करा, आणि इंटर्नल स्टँडर्ड वापरत असाल तर त्याचं स्वतःचं पीक किती मोठं आलं तेही वहीत लिहा. ७० ते १२० टक्क्यांत आकडे आणि २० टक्क्यांच्या आत विखुरलेपणा आला की पुढे जा.

आणि जुन्या पद्धतीने आतापर्यंत जे पालकाचे नमुने 'आढळले नाही' म्हणून गेले असतील, त्यांतल्या थायाबेंडाझोल, कार्बेन्डाझिम आणि क्लोरोथॅलोनिलच्या ओळी पुन्हा तपासा. कच्चा अर्क फ्रीजरमध्ये ठेवला असेल तर पहिल्या दोघांसाठी नव्याने दळण्याची गरज नाही, तोच दहापट पातळ करून टोचा. क्लोरोथॅलोनिलसाठी मात्र जुन्या अर्कावर भरवसा ठेवू नका, गोठवलेली भाजी शिल्लक असेल तर तिथूनच सुरुवात करा.